काँक्रीट क्यूबची ७ आणि २८ दिवसांची ताकद रिपोर्टमध्ये कशी लिहायची?

"तीन-तीन क्यूब फोडले. एक आकडा बराच कमी आलाय, तो सोडून सरासरी काढू का?"

नाही, असा गुपचूप सोडू नका. १५० मिमी क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौ. मिमी. समजा, २८ दिवसांना भार ६१०, ६२८ आणि ४७० किलोन्यूटन आले. भागून ताकद २७.१, २७.९ आणि २०.९ न्यूटन प्रति चौ. मिमी, सरासरी २५.३. तिसरा क्यूब सरासरीपेक्षा १७ टक्के कमी, आणि आयएस ४५६ची मर्यादा १५ टक्के. म्हणजे हा संचच ग्राह्य नाही. तिन्ही आकडे लिहा, शेरा द्या. फुटलेला तुकडाही पाहा: तडे एकाच बाजूला असतील तर थापीनं घासलेली खडबडीत बाजू प्लेटखाली आली असू शकते. भार नेहमी साच्याला टेकलेल्या बाजूंवर द्यायचा.

वय मोजायचं ते मिश्रणात पाणी घातल्यापासून, टाकीत सोडल्यापासून नाही. साच्यातला पहिला दिवस त्यातच येतो. क्यूब ७ दिवसच पाण्यात ठेवून २८व्या दिवशी फोडला असेल, तर 'वय २८ दिवस' आणि क्युरिंगचे दिवस असे दोन वेगळे रकाने करा. इथेच बहुतेक रिपोर्ट फसतात.