चौदा पानं तयार, पण छापायला एकही फर्मा नाही

पत्र : मी इंदूरला बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मावशीच्या ओळखीतल्या एका काकांच्या साडीच्या दुकानासाठी माहेश्वरी आणि चंदेरीचा कॅटलॉग करतेय. ३२ पानं, मध्ये पिन, कव्हर वेगळं. सोमवारी ९ तारखेला फायली द्यायच्या आहेत, गुरुवारी १२ला छपाई आणि २८ला त्यांचं प्रदर्शन. कव्हर आणि पहिली १४ पानं तयार आहेत. रविवारी ताप आला, तपासणीत डेंग्यू निघाला. आज मंगळवार ३ तारीख, ताप अजून आहेच. आई म्हणते, मी मावशीला सांगते, ती काकांना सांगेल. मला वाटतं, दोन दिवस वाढवून मागावेत आणि ही १४ पानं आत्ता पाठवून द्यावीत. बरोबर होईल का?

उत्तर : काकांना कळवायचं ते आजच, आणि तुझ्याच तोंडून. आईकडून मावशीकडे आणि मावशीकडून काकांकडे निरोप पोचेपर्यंत त्यातली तारीख गळून जाते आणि ‘पोरगी आजारी आहे, काम अडलंय’ एवढंच उरतं. मग काका आपल्या मनाने काहीतरी तारीख धरतात आणि छापखान्याला तीच सांगतात. दोन मिनिटांचा फोन कर, आणि ठरलेलं लगेच व्हॉट्सॲपवर लिही. बोलवत नसेल तर नुसता मेसेज पुरे. फोन करण्याआधी मात्र दोन गोष्टी पक्क्या करायला हव्यात : अर्धवट काम म्हणून नेमकं काय द्यायचं, आणि नवी तारीख कोणती.

१४ पानांनी छापखान्याचं काम सुरू होणार नाही. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेत कागद एकात एक घातलेले असतात, त्यामुळे पान १ ज्या कागदावर असतं त्याच्याच दुसऱ्या अर्ध्यावर पान ३२ असतं. ३२ पानांच्या कामात शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी ३३ येते : ८च्या शेजारी २५, ९च्या शेजारी २४. मशीनवर एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं म्हणजे फर्मा. तो १६ पानी धरला तर बाहेरच्या फर्म्यात १ ते ८ आणि २५ ते ३२ पानं येतात, आतल्या फर्म्यात ९ ते २४. तुझ्याकडे बाहेरच्या फर्म्याची ८ पानं झालीत आणि आतल्याची ६. म्हणजे दोन्ही अपुरे. लहान मशीनवर ८ पानी फर्मे केले तरी १ ते १४ मध्ये एकही पूर्ण बसत नाही. काकांना ‘निम्मं काम झालंय’ म्हणून ही पानं दिलीस, त्यांनी ती उत्साहाने छापखान्यात नेली आणि तिथून परत आली, तर दुसऱ्यांदा शब्द हुकल्यासारखं होईल.

आज उपयोगी पडेल असं तुझ्याकडे कव्हर आहे. त्याचा कागद वेगळा, छपाईही वेगळी, आणि लॅमिनेशन असेल तर त्यालाही वेळ लागतो. ते लगेच सोडता येईल. १४ पानं पाठव, पण काकांच्या तपासणीसाठी. साड्यांची नावं, किमती आणि फोटोखालचे क्रमांक त्यांनाच पाहायचे आहेत आणि दुकान सांभाळून त्यात दोन-तीन दिवस जातात. तू झोपून आहेस तेवढ्यात ते होऊन जाईल. फाईल हलकी ठेव, प्रत्येक पानावर ‘फक्त तपासणीसाठी’ असं आडवं फिकट छाप आणि नावातही ते असू दे, उदाहरणार्थ `catalogue_p01-14_CHECK.pdf`. नावात `final` हा शब्द आला की ती फाईल कोणीतरी छापायला लावतंच.

आता तारीख. दोन दिवस हा आकडा तू संकोचाने काढला आहेस, हिशोबाने नाही. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं होत नाही. ताप उतरल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत जास्त लक्ष ठेवावं लागतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, रक्तस्राव, फार सुस्ती यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. त्यानंतरचा थकवा काही आठवडेही राहू शकतो. म्हणून ८ तारखेपर्यंत काम शून्य धर. ९, १० आणि ११ला रोज २ तास, १२पासून रोज ४ तास. डॉक्टर याहून कमी म्हणाले तर त्यांचा आकडा घे.

उरलेली पानं १८. मांडणी, मजकूर आणि साडीच्या फोटोची पार्श्वभूमी कापणं मिळून एका पानाला २ तास धरते. तुझा वेग निराळा असेल तर झालेल्या १४ पानांना प्रत्यक्ष किती वेळ लागला ते आठवून आकडा बदल. बाहेरच्या फर्म्याची ८ पानं राहिलीत, आतल्याची १०. ८चं काम कमी, म्हणून बाहेरचा आधी. त्याचे १६ तास, वर काकांच्या दुरुस्त्या आणि शेवटच्या तपासणीचे ३, असे १९. वरच्या वेगाने तो १५ला संपतो. आतल्याचे २० आणि ३ असे २३ तास, ते २०ला संपतात.

२० तारीख चालेल का, हे २८पासून उलटं मोजल्यावर कळतं. माल प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, २७ला, दुकानात हवा. छपाई, घडी, पिन आणि कटिंगला छापखाना ७ दिवस मागेल असं धरलं, तर शेवटची फाईल २०ला द्यायलाच हवी. (हे ७ दिवस माझे गृहीत आहेत. खरा आकडा छापखान्यालाच विचार आणि फर्मा १६चा की ८चा तेही त्याच फोनमध्ये विचारून घे.) म्हणजे कागदावर जेमतेम बसतंय. एक दिवस अंगात पुन्हा कणकण आली की प्रदर्शन हुकलं. अशी तारीख कोणालाही देऊ नये.

म्हणून कामच हलकं करायला हवं. पार्श्वभूमी कापण्याचं काम वर्गातल्या कोणाला तरी दे. त्यात डिझाइनचे निर्णय नसतात, हात स्वच्छ असला की झालं. पानामागचा निम्मा वेळ तिथेच जातो असं धरू. मग तुझ्याकडे पानाला १ तास उरतो : बाहेरच्या फर्म्याला ८ आणि ३ मिळून ११ तास, आतल्याला १० आणि ३ मिळून १३. त्याच वेगाने पहिला १३ला आणि दुसरा १६ला संपतो. काकांना सांगायच्या तारखा यापेक्षा पुढच्या : पहिला फर्मा सोमवारी १६ला, दुसरा बुधवारी १८ला. १८ आणि २०मधले दोन दिवस शिल्लक आहेत, पण त्यांचा उल्लेख करू नकोस. सांगितलेली शिल्लक समोरचा आपलीच समजतो.

मदतीला घेण्याआधी काकांची परवानगी माग. प्रदर्शनाआधी नव्या साड्यांचे फोटो बाहेर गेलेले दुकानदाराला चालत नाहीत आणि शेजारच्या दुकानात ते पोचायला इंदूर काही मोठं नाही. मदतनिसाचे पैसे तुझ्या मानधनातून द्यायचे, ही गोष्ट काकांसमोर काढायचीही नाही. फोटोंची यादी क्रमांकासह दे आणि कापलेले फोटो त्याच क्रमांकाने परत माग, नाहीतर चंदेरीच्या नावाखाली माहेश्वरी येईल.

दोन फर्मे वेगवेगळ्या दिवशी छापले तर शाईच्या छटेत फरक पडू शकतो. साडीच्या कॅटलॉगात तो लगेच डोळ्यांत भरतो, कारण गिऱ्हाईक पानावरचा रंग बघून साडी मागतं. कागद दोन्हीला एकाच लॉटचा घ्यायला सांग आणि पहिल्या फर्म्याचा मंजूर कागद मशीनवाल्याने दुसऱ्याच्या वेळी समोर ठेवावा असं सांग. दोन दिवसांचं अंतर त्यांना चालत असेल, तर दोन्ही १८नंतर एकत्र छापणं जास्त चांगलं. पहिल्या फर्म्याची तपासणी आणि प्लेटा तोवर होऊन जातील.

मेसेज असा लिहिता येईल :

> नमस्कार काका. मला डेंग्यू झाला आहे, त्यामुळे ९ तारखेला सगळ्या फायली देता येणार नाहीत. १२ची छपाईही पुढे न्यावी लागेल, त्याबद्दल माफ करा. कव्हरची छपाईची फाईल आज संध्याकाळी पाठवते, ते लगेच छापायला देता येईल. सोबत पान १ ते १४ फक्त तपासणीसाठी देत आहे. किमती आणि नावं पाहून दुरुस्त्या रविवारी ८ तारखेपर्यंत एकाच यादीत पाठवाल का? पान १ ते ८ आणि २५ ते ३२ सोमवारी १६ला, बाकीची ९ ते २४ बुधवारी १८ला संध्याकाळी ६पर्यंत देते. छापखान्याला १९पासूनची वेळ मिळते का, ते आज विचाराल का? फोटो कापायला वर्गातल्या एका मैत्रिणीची मदत घेऊ का? फोटो तिच्यापाशीच राहतील. तुम्ही हो म्हणाल तरच देईन.

आजाराला यात एकच वाक्य आहे. रिपोर्टचा फोटो, प्लेटलेटचे आकडे, रात्री किती ताप होता, यातलं काही पाठवू नकोस. ते वाचून काका ‘बाळा, आधी बरी हो’ म्हणतील, तुला हायसं वाटेल आणि छापखान्याची वेळ बदलायची राहून जाईल. तसं उत्तर आलंच तर आभार मानून लगेच विचार : ‘१९ची वेळ मिळाली का?’ छापखान्याने १९ नाकारून थेट २३ सांगितली, तर ७ दिवसांच्या हिशोबाने प्रदर्शन हुकतं. तेव्हा काकांनी दुसरा छापखाना बघायचा की पानं कमी करायची, हे आजच ठरायला हवं. ३२ची २४ केली तर पानांच्या जोड्या बदलतात, तेव्हा वरचा फर्म्यांचा हिशोब नव्याने मांडावा लागेल.

१८ ही तारीख एकदाच द्यायची. ती हलणार असेल तर ते तुला १७ला कळून उपयोग नाही. शनिवारी ७ तारखेच्या संध्याकाळी ताप तसाच असेल, किंवा डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं, तर मांडणीचं कामही दुसऱ्याकडे सोपव आणि रविवारी सकाळी काकांना तसं सांग. त्यासाठी आज अंगात थोडं बळ आहे तोवर एकच तांत्रिक काम उरकून ठेव : इनडिझाइनमध्ये `File > Package` करून फाईल, फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये घे आणि ते ड्राइव्हवर चढव. नुसती `.indd` फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की फोटोंच्या जोडण्या तुटलेल्या दिसतात, फॉन्ट बदलतो, देवनागरी ओळी सरकतात, आणि तू सलाइन लावून फोनवर उत्तरं देत बसतेस. काम मराठीत किंवा हिंदीत असेल तर ओळी आणि अक्षरं जुळवणारा कोणता कंपोझर इनडिझाइनमध्ये निवडला आहेस तेही फोल्डरमध्ये एका ओळीत लिहून ठेव, म्हणजे जोडाक्षरं फुटल्यावर कुठे बघायचं ते समोरच्याला कळेल.

पैसे कमी करू का, असं आपणहून विचारू नकोस. १२ची वेळ सोडल्याबद्दल छापखान्याने काकांकडून खरंच काही घेतलं, तर तेवढ्याबद्दल बोलता येईल. आधी फोन कर, मग पॅकेज, मग झोप. लॅपटॉप आईच्या कपाटात राहू दे.