“दुसरा 1,70,000 मध्ये करतोय, तुम्ही किती कमी कराल?”

“ताई, मी घराच्या फर्निचरची कामं घेते. कोटेशन पाठवलं की दोन दिवसांत मेसेज येतो, ‘अमुक माणूस इतक्यात करून देतोय, तुम्ही काय कमी कराल?’ कमी केलं तर हातात काही उरत नाही, नाही केलं तर काम जातं. उत्तर काय द्यायचं?”

तुमच्या प्रश्नावर मला नाशिकची एक उद्योजिका आठवली. ती मॉड्युलर किचन करते, चार कारागीर आहेत आणि भाड्याचा गाळा आहे. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मोबाईलवर एका गिऱ्हाइकाचा मेसेज उघडाच होता. तिचं कोटेशन 2,00,000 अधिक जीएसटीचं होतं, म्हणजे एकूण 2,36,000. गिऱ्हाईक लिहीत होतं, “दुसरे 1,70,000 म्हणतात. तुमचं काम आवडलंय. किती कमी कराल?” तिने उत्तर लिहूनही ठेवलं होतं: “सर, 20,000 कमी करते, पण आमची क्वालिटी बघा, ते लोक हलका माल वापरतात.” मी तिला म्हटलं, हे आता पाठवू नकोस, आधी हिशोब बघू.

एक वही घेतली. माल 1,20,000, मजुरी आणि फिटिंग 35,000, टेम्पो आणि साइटवरचा खर्च 7,000, गाळ्याचं भाडं, वीज वगैरेचा या कामाच्या वाट्याचा खर्च 12,000. बेरीज 1,74,000. म्हणजे 2,00,000 मधून तिला उरणार होते 26,000. त्यातले 20,000 ती एका ओळीत सोडून देणार होती. गिऱ्हाइकाच्या नजरेत ती दहा टक्के सूट, तिच्या नफ्यातला मात्र तीन चतुर्थांशाहून जास्त भाग. एका कामातून येणारे 26,000 मिळवायला आता तिला अशी चारपेक्षा जास्त किचन करावी लागली असती. हा आकडा पाहून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, मागच्या वर्षी असंच 15,000 सोडले होते आणि ते भरून काढायला बिजागऱ्या हलक्या लावल्या. सहा महिन्यांत तीन शटरं खाली ओढली गेली, ती फुकट दुरुस्त करून द्यावी लागली आणि त्या घरातून पुढे एकही काम आलं नाही. मला यातच खरा धोका दिसतो. कागदावर काही न बदलता किंमत उतरवली की ती वसुली शेवटी मालातून होते, आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलेलं नसतं.

सूट लगेच दिली की आणखी एक गोष्ट होते. माणसाला वाटतं, म्हणजे आधीचा भाव फुगवलेलाच होता. मग तो पुन्हा मागतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही मागितलं असतं.

तिच्या मसुद्यातला दुसऱ्याच्या मालाबद्दलचा भाग मी आधी काढायला लावला. त्याचं कोटेशन न पाहता त्याला हलकं ठरवणं योग्य नाही, आणि गिऱ्हाइकाला ते चिडून लिहिल्यासारखं वाटतं. त्याऐवजी तिने हे पाठवलं:

“सर, कळवल्याबद्दल धन्यवाद. दोन्ही कोटेशनं एकाच कामाची आहेत का, हे एकदा बघू या. त्यांच्याकडून चार गोष्टी विचारता का? 1,70,000 मध्ये जीएसटी धरला आहे का? सिंकखालच्या बॉक्सला कोणता प्लाय? ट्रॉल्या कोणत्या स्टीलच्या? आणि वरचा माळा धरला आहे का? तेवढं कळलं की मी तुम्हाला नेमकं सांगते.”

हे चारच प्रश्न का, तर किचनच्या भावातला बहुतेक फरक इथेच असतो. प्लाय बाहेरून सारखाच दिसतो. पण मरीन प्लायवर आयएस 710 चा शिक्का असतो, आणि तो उकळत्या पाण्याच्या चाचणीतून गेलेला असतो. साधा कमर्शियल प्लाय दमटपणा सोसतो, सिंकखाली रोज झिरपणारं पाणी मात्र नाही. तिथे तो फुगतो, थर सुटतात आणि स्क्रू सैल होतात. ट्रॉल्यांचंही तसंच. 304 आणि 202 हे दोन्ही स्टेनलेस स्टीलच, दुकानात सारखंच चमकतं. फरक मीठ आणि ओल्या भांड्यांच्या संगतीत काही महिने गेले की कळतो, 202 वर तांबूस ठिपके येऊ लागतात.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. जीएसटी वेगळा होता, म्हणजे 1,70,000 चे प्रत्यक्षात 2,00,600 होत होते. माळा धरलेला नव्हता. प्लाय सगळीकडे कमर्शियल होता. 66,000 चा वाटणारा फरक जीएसटी धरल्यावर 35,400 वर आला, आणि त्यातही दोन कामं सारखी नव्हती.

इथे “बघा, मी म्हटलं नव्हतं का” अशा सुरात लिहायचा मोह होतो. तिला मी सांगितलं, गिऱ्हाइकाचं बजेट खरंच कमी असेल, तो खोटं बोलतोय असं धरू नकोस. त्याला पर्याय दे, पण पैसे कमी व्हायचे तर काम बदललं पाहिजे, आणि काय बदललं ते कागदावर दिसलं पाहिजे. आम्ही तिघांना पटेल असं छाटलं. सिंकखाली आणि गॅसच्या बाजूला मरीन प्लाय तसाच ठेवला. वरच्या कोरड्या कपाटांना कमर्शियल प्लाय चालतो, तिथे 6,000 कमी झाले. दोन टँडम ड्रॉवरच्या जागी साध्या चॅनलचे ड्रॉवर, 5,000 कमी. माळ्याची शटरं पुढे कधी करायची म्हणून वगळली, 12,000 कमी. एकूण 23,000. नवा भाव 1,77,000 अधिक जीएसटी, म्हणजे 2,08,860. तिचा खर्चही साधारण 20,000 ने उतरला, त्यामुळे हातात 23,000 च्या आसपास राहत होते.

तिचा दुसरा मेसेज असा होता: “सर, आधीच्या यादीत 2,00,000 खालचा भाव मला जमणार नाही. बजेट कमी करायचं असेल तर सोबत दुसरी यादी देते आहे, 1,77,000 ची. काय बदललं ते लाल अक्षरात आहे. पाण्याजवळचा प्लाय बदललेला नाही. दोन्हींपैकी जी सोयीची वाटेल ती सांगा.”

त्या घरातल्या बाईंनी ड्रॉवरबद्दल दोनदा फोन केला, गाळ्यावर येऊन दोन्ही चॅनल स्वतः ओढून पाहिले, आणि दुसरी यादी घेतली. दुसऱ्यापेक्षा 8,260 जास्त देऊन.

नेहमी असंच होतं असं नाही. पुढे तिला एक गिऱ्हाईक भेटलं, त्याने दाखवलेल्या कोटेशनमध्ये प्लाय, स्टील, जीएसटी सगळं तिच्यासारखंच होतं आणि भाव 18,000 ने खाली. त्या माणसाकडे कटिंग आणि एज बँडिंगची स्वतःची मशीन होती, ती मात्र प्रत्येक शीटमागे बाहेर पैसे मोजते. तिथे क्वालिटीचं काही बोलणं खरं ठरलं नसतं. तिने लिहिलं, “सर, त्यांचं कोटेशन व्यवस्थित आहे, या भावात मला जमणार नाही. फक्त त्यांना पैसे देताना हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठेवा.” मग माझ्याकडे येऊन तिने वही उघडली, आणि आम्ही एका शीटचं कटिंग तिला नेमकं कितीला पडतं ते मोजायला घेतलं.