बँडविड्थ, लेटन्सी, थ्रूपुट : यातला ‘स्पीड’ कोणता?

विचारणा : “घरी पहिल्यांदाच फायबरचं नेट घेतलंय, १०० एमबीपीएसचं. बसवायला आलेला माणूस बँडविड्थ म्हणत होता, मुलगा लेटन्सी म्हणतो, आणि कुठेतरी थ्रूपुट वाचलं. तिन्हीचा अर्थ स्पीडच ना? मग टेस्टमध्ये स्पीड झकास दिसतो तरी व्हिडिओ कॉलवर आवाज का तुटतो?”

गच्चीवर टाकी आहे, व्हॉल्व्हपाशी वॉचमन उभा आहे आणि तिथून तुमच्या घरापर्यंत आलेला पाइप सध्या रिकामा आहे, असं धरा. रिकामाच धरायचा, कारण भरलेल्या पाइपाचा नळ सोडला की लगेच धार लागते आणि लेटन्सी म्हणजे काय ते कळतच नाही. तुम्ही खालून हाक मारता, वॉचमन व्हॉल्व्ह सोडतो, पाणी खाली येतं. या पाइपातून मिनिटाला जास्तीत जास्त जेवढं पाणी जाऊ शकेल, ती बँडविड्थ. हाक मारल्यापासून पहिला थेंब बादलीत पडेपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. आणि मिनिटाभरात बादलीत खरोखर जेवढं पाणी जमलं, ते थ्रूपुट.

बँडविड्थ हा शब्द आला रेडिओतून. लहरींचा जेवढा पट्टा वापरायला मिळतो त्याची रुंदी, आणि तिचं माप हर्ट्झ. राउटरच्या सेटिंगमध्ये Channel Width समोर २०, ४०, ८० मेगाहर्ट्झ दिसतात, तो हाच मूळ अर्थ. पट्टा रुंद असला की त्यातून जास्त माहिती जाते, म्हणून पुढे नेटवर्कवाले सेकंदाला किती बिट जाऊ शकतात यालाच बँडविड्थ म्हणू लागले. मराठीत मी सरळ ‘क्षमता’ म्हणतो. लेटन्सीला ‘विलंब’ चालतो. ‘स्पीड’ हा शब्द द्यायचाच असेल तर थ्रूपुटला द्यावा, कारण हातात पडतं ते तेवढंच.

ते क्षमतेपेक्षा नेहमी थोडं कमीच असतं. १०० एमबीपीएसच्या पोर्टला लॅपटॉप केबलने जोडला तरी टेस्ट ९४-९५ च्या आसपास थांबते, कारण डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो, प्रत्येक पॅकेटवर पत्ता वगैरे लिहिलेला असतो आणि तोही त्याच पाइपातून जातो. शिवाय वाटेत कुठे अर्ध्या इंचाचा तुकडा असला की मागची मोठी लाइन कामाची नाही. बेडरूममध्ये दोन भिंतींपलीकडे वाय-फायवर ३० दिसत असतील तर तो तुकडा तुमच्या घरातच आहे. कंपनीशी भांडायच्या आधी राउटरजवळ जाऊन पुन्हा मोजा. आणखी एक गोंधळ टाळा : प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो, आणि एका बाइटचे आठ बिट. म्हणजे १०० च्या लाइनवर सेकंदाला १२ मेगाबाइट दिसले तर लाइन अगदी ठणठणीत आहे.

आता लेटन्सी. इथे एखादा प्लंबर मला अडवेल, की मोठ्या पाइपात घर्षण कमी, पाणीही लवकर येतं. पाण्याचं ते खरं असेल, फायबरचं नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मग प्लॅन १०० चा घ्या नाहीतर १००० चा. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. हाक जाऊन थेंब परत यायला ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. जास्त पैसे मोजून हा आकडा खाली येत नाही.

पण तुमचा कॉल तुटतो तो बहुधा सिंगापूरमुळे नाही. व्हिडिओ कॉलला साधारण दोन-तीन एमबीपीएस पुरतात, ते तुमच्याकडे भरपूर आहेत. त्याला पाणी थोडंच लागतं, पण ते वेळेवर आणि एकसारखं यावं लागतं. समजा, कॉल चालू असताना कुणाच्या तरी फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला. घरातून बाहेर जाणाऱ्या लाइनची क्षमता २० एमबीपीएस धरू. फोन त्याहून वेगाने राउटरकडे डेटा ओततो, आणि जास्तीचा डेटा राउटर फेकून न देता साठवून ठेवतो. पाइपाच्या तोंडाशी ड्रम ठेवल्यासारखं. या ड्रममध्ये १ मेगाबाइट मावत असेल, म्हणजे ८ मेगाबिट, तर तो २० च्या लाइनवर रिकामा व्हायला ०.४ सेकंद लागतो. तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या भरलेल्या ड्रममध्ये सगळ्यात मागे पडतं आणि ४०० मिलिसेकंद तिथेच ताटकळतं. संभाषण सहज चालायला एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं धरतात. ड्रम कमीजास्त भरत राहिला की विलंबही हेलकावे खातो, आणि आवाज तुटतो.

या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. गंमत अशी, की या काळात थ्रूपुट उत्तम असतं, लाइन काठोकाठ वाहत असते. म्हणून स्पीड टेस्टचा मोठा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही.

हेच कारण आहे की नाही, ते ताडून पाहता येतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ipconfig लिहा. Default Gateway समोर दिसेल तो राउटरचा पत्ता. मग दोन खिडक्यांत या आज्ञा चालू ठेवा (राउटरचा पत्ता तुमचा घाला, मॅकवर -t नको) :

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिल्यात राउटरपर्यंतचा विलंब मिलिसेकंदांत दिसतो, दुसऱ्यात घराबाहेरचा, गूगलच्या सर्व्हरपर्यंतचा. घरात कुणीही नेट वापरत नसताना आकडे पाहून घ्या, मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. पहिला आकडा दोन-तीनच्या आसपास राहिला आणि दुसरा १० वरून ३००-४०० वर उडाला, तर तुंबलेला ड्रम हेच कारण. पहिलाच उडत असेल तर दुखणं वाय-फायचं आहे : लॅपटॉप केबलने जोडा, किंवा राउटर कपाटामागून काढून मोकळ्यावर ठेवा. आणि घरात कुणी नेट वापरत नसतानाही दुसरा आकडा तासन्‌तास चढलेला असेल, तर ते कंपनीच्या बाजूचं. या नोंदी त्यांच्यापुढे ठेवा.

ड्रमवरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. राउटरमध्ये SQM किंवा QoS नावाची सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे २० च्या लाइनला १७ किंवा १८. लाइनच्या तोंडाशी मग ढीग साचतच नाही, आणि SQM असेल तर लहान पॅकेटांना पुढे जाऊ देण्याचं कामही ती करते. थ्रूपुट थोडं कमी होतं, कॉल मात्र सुरळीत चालतो. कंपनीने दिलेल्या साध्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते, असलीच तर नुसती नावापुरती. तसं असेल तर बॅकअपच्या अ‍ॅपमध्येच अपलोडला मर्यादा घाला, किंवा तो रात्री लावा. मर्यादा घातल्यावर तोच व्हिडिओ पुन्हा अपलोडला लावून दुसरी खिडकी बघा. आकडा २०-३० च्या पुढे फारसा जात नसेल तर काम झालं. अजूनही शंभराच्या वर जात असेल तर १७ चे १५ करून पाहा.