केलीचा आकडा बरोबर असूनही फुल साइज का घेऊ नये?

प्रश्न: १०० ट्रेडच्या रेकॉर्डवर माझा विन रेट ४५% आहे, टार्गेट स्टॉपलॉसच्या दुप्पट. केली फॉर्म्युला म्हणतो दर ट्रेडला कॅपिटलच्या १७.५% रिस्क घ्या. गणिताने हाच बेस्ट आकडा असेल तर अनुभवी लोक एवढी साइज का घेत नाहीत? आणि रिस्क ऑफ रुइन नेमकी किती धरायची?

तुमचं गणित बरोबर आहे, पण तो आकडा ज्याला आपला विन रेट ४५% असल्याचं पक्कं माहीत आहे त्याच्यासाठी आहे, आणि तुम्हाला ते माहीत नाहीये, तुम्हाला फक्त एवढंच माहीत आहे की झालेल्या १०० ट्रेडमध्ये ४५ जिंकले. सगळी गडबड या फरकात आहे. तुमच्या जागी मी असतो तर २.५% च्या वर गेलो नसतो, का ते सांगतो.

फॉर्म्युला आधी समोर ठेवू:

```
f = p - q/b
f = 0.45 - 0.55/2 = 0.175
```

p म्हणजे जिंकण्याची शक्यता, q हरण्याची, b म्हणजे हरताना जेवढं जातं त्याच्या किती पट जिंकताना येतं. बेल लॅब्समधल्या जॉन केलीने १९५६ मध्ये हे मांडलं आणि पुढे एड थॉर्पने ते आधी ब्लॅकजॅकमध्ये आणि मग मार्केटमध्ये वापरलं. आता ब्लॅकजॅकमध्ये बघा, पत्ते ठरलेले असतात, कुठले निघून गेले ते मोजता येतं, त्यामुळे शक्यता बऱ्यापैकी नेमकी काढता येते. ट्रेडिंगमध्ये p कुणी सांगत नाही, आपणच जुन्या रेकॉर्डवरून अंदाज बांधतो, आणि फॉर्म्युला तो अंदाज खरा धरूनच चालतो.

तुमचा अंदाज किती ढिला आहे ते काढू. १०० ट्रेड, ४५% विन रेट, म्हणजे स्टँडर्ड एरर जवळपास ५%. साधारण दोन एरर इकडे तिकडे धरले तर तुमचा खरा विन रेट ३५ पासून ५५ पर्यंत कुठेही असू शकतो. ३५% असेल तर केलीचा आकडा २.५% येतो आणि ५५% असेल तर ३२.५%. म्हणजे तुमच्याकडे १७.५ हा एक आकडा नाहीच, २.५ ते ३२.५ एवढा मोठा पट्टा आहे. शिवाय ही सिस्टीम तुम्ही पाचसहा सिस्टीम बॅकटेस्ट करून त्यातली सगळ्यात चांगली म्हणून निवडली असेल तर ४५ हा आकडा मुळातच फुगलेला असण्याची शक्यता जास्त, कारण निवडताना थोडं नशीबही त्यात निवडलं जातं.

यावर कुणीही म्हणेल की चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते, मग मधला आकडा घेतला तर काय बिघडलं? बिघडतं, कारण दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत सारखी नसते. केलीपेक्षा कमी साइज घेतली तर वाढ थोडी कमी होते, बस. जास्त घेतली तर वाढ घसरत जाते आणि केलीच्या साधारण दुप्पट साइजला ती शून्यावर येते, त्याच्या पुढे गेलात की एज असूनसुद्धा कॅपिटल कमी होत जातं. हे खूप जणांना पटत नाही, म्हणून तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.

समजा सुरुवातीचं कॅपिटल १०० आहे. १७.५% रिस्कने प्रत्येक जिंकलेला ट्रेड कॅपिटलला १.३५ ने गुणतो आणि हरलेला ०.८२५ ने. पुढच्या १०० ट्रेडमध्ये खरंच ४५ जिंकलात तर १०० चे जवळपास १८६० होतात, हे बघूनच लोकांना मोह होतो. हाफ केली म्हणजे ८.७५% ने त्याच ट्रेडमध्ये साधारण ९२० होतात आणि २.५% ने २२३. आता खरा विन रेट ३८% आहे असं धरा. ही काही फार टोकाची गोष्ट नाही, वर सांगितलेल्या पट्ट्यात आरामात बसते, आणि ३८% ला सुद्धा तुमची सिस्टीम फायद्याचीच आहे, दर ट्रेडला सरासरी रिस्कच्या ०.१४ पट कमाई. पण १०० पैकी ३८ जिंकून १७.५% साइजने शेवटी हातात उरतात ५९. फायद्याची सिस्टीम, नियम सगळे पाळलेले, आणि तरी ४१ टक्के कॅपिटल गेलं, फक्त साइजमुळे. त्याच ३८ विजयांवर हाफ केलीने १५७ झाले असते आणि २.५% ने १३३. कारण उघड आहे, ३८% ला खरा केली ७% असतो आणि तुम्ही त्याच्या अडीच पट खेळत होता.

आता रिस्क ऑफ रुइन. केलीच्या गणितात कॅपिटल कधीच शून्य होत नाही, कारण दरवेळी उरलेल्याचा ठराविक हिस्साच लावला जातो, म्हणून काही जण बेधडक सांगतात की केलीत रुइन शून्य आहे. कागदावर ते खरंय, पण प्रत्यक्षात एका मर्यादेच्या खाली लॉट घेता येत नाही, मार्जिन पुरत नाही, आणि त्याच्या बऱ्याच आधी माणूस हबकून सिस्टीम सोडून देतो. त्यामुळे रुइनची रेष आपली आपण आखायची असते. मी ती कॅपिटल निम्मं होण्यावर आखतो, तुमची वेगळी असू शकते.

रेष आखली की त्यासाठी एक सोपं सूत्र आहे. कॅपिटल कधीतरी घसरून x पट होण्याची शक्यता:

```
P = x^(2/c - 1)
```

इथे c म्हणजे खऱ्या केलीच्या किती पट साइज घेताय ते. हे सूत्र लहान लहान बेट सतत चालू आहेत असं धरून निघतं, त्यामुळे तुमच्या मोठ्या बेटला ते तंतोतंत लागू होणार नाही, पण अंदाज नीट येतो. फुल केलीला c = १, म्हणजे कॅपिटल कधी ना कधी निम्मं होण्याची शक्यता ५०%. हे अंदाज अगदी अचूक असताना बरं का. हाफ केलीला १२.५% आणि पाव केलीला १ टक्क्याहूनही कमी. वाढीच्या बाजूने बघितलं तर हाफ केलीला फुल केलीच्या साधारण ७५% वाढ मिळते, म्हणजे पाव हिस्सा वाढ सोडून निम्मं होण्याचा धोका चौथ्या हिश्श्यावर येतो. मला तरी हा सौदा घ्यावासाच वाटतो.

पण खरा मुद्दा तेव्हा कळतो जेव्हा याच सूत्रात तुम्ही ३८% वाला केस घालता. १७.५% साइज म्हणजे c = २.५, आणि c दोनच्या वर गेला की निम्मं होणं ही शक्यता राहत नाही, ते होणारच असतं. ज्याला तुम्ही हाफ केली समजून घेताय त्या ८.७५% ला सुद्धा c = १.२५ होतो आणि निम्मं होण्याची शक्यता ६६ टक्क्यांवर जाते. २.५% ला ती ४ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून मला नुसतं हाफ केली पुरेसं वाटत नाही, p खात्रीचा नसेल तर हाफ केली हा नकळत फुल केलीपेक्षा मोठा ठरू शकतो.

आणि हा सगळा हिशोब स्टॉपलॉस बरोबर स्टॉपलॉसवरच कटतो असं धरून आहे. फॉर्म्युल्यात हरणं म्हणजे ठरलेली रिस्क, त्याच्यापुढे काही नाही. पण मार्केट गॅपने उघडलं आणि तुम्ही स्टॉपच्या तिप्पट लांब बाहेर पडलात तर १७.५% रिस्कचे ५२.५% होतात, एका ट्रेडमध्ये निम्म्याहून जास्त कॅपिटल गेलं. एवढं भयंकर नाही झालं तरी रोजचं स्लिपेज असतंच. तुमच्या रेकॉर्डमधले सगळे लॉस काढून ठरलेल्या रिस्कने भागून बघा. सरासरी १ च्या ऐवजी १.२ येत असेल (बऱ्याच जणांची १ च्या वरच येते) तर b दोन राहत नाही, १.६७ होतो, केली १२% वर येतो, आणि हे १२% प्रत्यक्ष जाणारे आहेत, म्हणून ठरवताना रिस्क १.२ ने भागून १०% च धरायला लागते. फक्त स्लिपेजने १७.५ चे १० झाले, विन रेटला अजून हातसुद्धा लावलेला नाही. ब्रोकरेज आणि टॅक्स जिंकलेल्या ट्रेडमधूनही कापले जातात, तेही b मध्ये धरा.

माझा २.५% कुठून आला ते आता सांगतो. तुमच्या ४५ मधून एक स्टँडर्ड एरर वजा केला, ४०% आले, त्याचा केली १०%, आणि त्याचा पाव घेतला. या आकड्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तुमचा खरा विन रेट पट्ट्याच्या अगदी तळाला, ३५% ला निघाला तरी तिथला फुल केली बरोबर २.५% च आहे, म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी तुम्ही जास्त साइजच्या बाजूला जात नाही. मात्र हे २.५% एका बेटसाठी आहेत. एकाच वेळी एकाच दिशेने हलणाऱ्या चार पोझिशन उघड्या असतील तर ती चार बेट नाहीत, एकच मोठी बेट आहे, तेव्हा हे २.५% चौघांत वाटून घ्यायचे.

साइज वाढवायची असेल तर रेकॉर्ड वाढवणं हाच रस्ता आहे, आणि तो हळू आहे, कारण एरर निम्मा करायला चौपट ट्रेड लागतात. ४०० ट्रेडनंतरही ४५% टिकले तर पट्टा ४० ते ५० एवढा आवळतो आणि तळाचा केली १०% होतो, त्या वेळी ४-५ टक्क्यांपर्यंत जायला माझी हरकत नसेल. फक्त ४०० चे चार भाग करून प्रत्येक १०० चा विन रेट वेगळा काढा. पहिल्या शंभरात ५२ आणि शेवटच्या शंभरात ३७ असं दिसलं तर ४५ ही सरासरी टाकून द्या आणि ३७ धरून नवा हिशोब करा.