सर्च रिपोर्ट स्वच्छ, पण आत्याचं काय?

प्रश्न: रत्नागिरीत जुना फ्लॅट घेतोय. आधी आजोबांचा, मग मुलाचा, आता नातू विकतोय. शेअर सर्टिफिकेट त्याच्याच नावावर आहे, तीस वर्षांचा सर्च रिपोर्टही स्वच्छ आहे. आणखी काय बघू?

उत्तर: सर्च रिपोर्टमध्ये नोंदणी झालेले दस्त दिसतात. माणूस वारला आणि मालमत्ता वारसांकडे गेली, याचा दस्त होतच नाही. त्यामुळे अशा फ्लॅटचा सर्च जवळपास नेहमीच स्वच्छ येतो.

आधी शेअर सर्टिफिकेट उलटं करा. मागच्या बाजूला प्रत्येक हस्तांतराची नोंद असते. ते कशाच्या आधारे केलं, हे सोसायटीच्या फायलीत बघा. बहुतेक वेळा नुसता नॉमिनेशनचा फॉर्म निघतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढ्यापुरतंच ते नाव.

समजा, आजोबा १९९६ मध्ये वारले. आजी आधीच गेलेली, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. फ्लॅट स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याने तिघांना एक-तृतीयांश. थोरला नॉमिनी होता म्हणून फ्लॅट त्याच्या नावावर चढला. २०१५ मध्ये तोही गेला; मागे बायको, मुलगा, मुलगी. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या नातवाचा हिस्सा एक-नवमांश! एकट्याच्या सहीने घेतलात तर तुम्हाला तेवढाच मिळेल.

‘आत्याचं लग्न २००५ च्या आधीच झालंय’ हे हमखास ऐकवतील. २००५ ची कायदादुरुस्ती वडिलोपार्जित मालमत्तेतल्या मुलींच्या हक्काची; तिचा इथे काही संबंध नाही. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला १९५६ पासून मुलाइतकाच वाटा आहे. आत्या हयात नसेल, तर तिचे यजमान आणि मुलं तिच्या जागी येतात.

वारसांची यादी विकणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रावरून घेऊ नका. आपल्याकडे घराण्याची गावी चार गुंठे तरी जमीन असतेच. तिचा सातबारा आणि आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार काढा. तिथे बहुतेक वेळा मुलींचीही नावं सापडतात, आणि ती फ्लॅट विकायच्या हिशेबाने लिहिलेली नसतात. जुन्या फेरफारात कधीकधी मुली गाळलेल्या असतात, म्हणून जुनं रेशनकार्डही मागा.

मग दोनच रस्ते. सगळ्यांनी खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सह्या करायच्या, किंवा बाकीच्यांनी आधी नातवाच्या नावे हक्कसोडपत्र करायचं. ते नोंदणीकृतच हवं. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या ‘ना हरकत’ने हक्क सुटत नाही. वारसांत कुणी अज्ञान असेल, तर त्याचा हिस्सा विकायला पालकाला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल, तर ते मूल सज्ञान झाल्यावर व्यवहाराला आव्हान देऊ शकतं.

पेपरात जाहीर नोटीस द्याच, पण मुंबईच्या आत्याने ती वाचली नाही म्हणून तिचा हिस्सा बुडत नाही. गणपतीत सगळे गावी येतात. इसार देण्याआधी तेव्हाच त्यांना गाठून सह्यांचं विचारा.