क्लिपखाली नाव कोणाचं?

भाऊ, देशपांडे सभागृहातल्या भाषणाची क्लिप मस्त कापलीस. पण खाली ‘उठा, जागे व्हा – स्वामी विवेकानंद’ एवढंच नको नं लिहू. आधी बोलणारा कोण ते टाक. मागच्या बॅनरवरून नाव उचलू नको, तिथं बहुतेकदा उद्घाटकाचंच मोठं असतं. पूर्ण व्हिडिओत सूत्रसंचालक ओळख करून देतो ते ऐक. वचनाचं मूळ कठोपनिषदात आहे (१.३.१४). ‘ध्येय गाठेपर्यंत थांबू नका’ हा भाग मात्र विवेकानंदांचा. उपनिषद श्रेष्ठांकडे जाऊन ज्ञान घ्या म्हणतं. म्हणून लिही: ‘वक्ते अमुक, नागपूर, तारीख. वचन: कठोपनिषदावरून, विवेकानंदांच्या शब्दांत.’ आणि १८९३ च्या शिकागो भाषणाचा ‘मूळ आवाज’ मागे जोडू नको. विवेकानंदांचं अस्सल ध्वनिमुद्रण उपलब्धच नाही.