काळा डाय सोडताना ब्लीचच्या नादी लागू नका

प्रश्न: वय ४९, दहा वर्षं काळा डाय लावतेय. आता केस पांढरेच ठेवायचेत. डाय बंद करून नुसते वाढू द्यावेत की पार्लरमध्ये हळूहळू ब्लेंड करून घ्यावेत?

वाढू द्या. मी ब्लेंड केले आणि पस्तावले.

केस खांद्यापर्यंत, १२ वर्षं दर तीन आठवड्यांनी काळा डाय. बंद केल्यावर तीन महिन्यांत मुळाशी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर पांढरे आले, खाली सगळं कुळकुळीत आणि मधे पट्टीने आखल्यासारखी रेघ. नणंदबाई म्हणाल्या, वहिनी हे काय ध्यान, थोडे हायलाइट्स घ्या की, रेघ मोडेल. घेतले. आता काळ्या डायवर फिकट डाय लावून काहीही होत नाही, आधीचा रंग काढायला ब्लीचच लागतं, आणि ब्लीचने काळं थेट रुपेरी होत नाही, आधी लालसर, मग केशरी, मग पिवळं असं उतरतं. माझं केशरीवर अडकलं. त्यावर राखाडी टोनर लावला, दोन आठवडे काय सुंदर दिसले! पण टोनर धुण्याने उतरतोच, पाचव्या आठवड्यात परत गाजर. मग परत ब्लीच, परत टोनर. तिसऱ्या वेळेआधी घरी ओला केस बोटात धरून हलका ओढला तर रबरासारखा लांबला आणि मागे न येता तुटला. असं झालं की ब्लीच तिथंच थांबवायचं असतं. मी तरी गेले, आणि मग टोकं मुठीमुठीने तुटायला लागल्यावर केस कानापर्यंत कापले. म्हणजे जे पहिल्याच दिवशी फुकटात झालं असतं ते सहा महिन्यांनी केस खराब करून केलं.

हिशोब साधा आहे, केस महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. खांद्यापर्यंतची ३० सेंटीमीटर लांबी ठेवायची तर दोन-अडीच वर्षं रेघ बघायची तयारी ठेवा. दर दोन महिन्यांनी खालून कापत गेलात तर वर्षाच्या आसपास छोटा कट पूर्ण रुपेरी. भांग सरळ न पाडता वाकडातिकडा पाडला तरी रेघ बरीच लपते.

हां, ब्लेंडिंग सगळ्यांनाच वाईट असं नाही. पांढरे निम्म्याहून कमी असतील आणि डाय थोडेच दिवस लावला असेल तर बारीक बारीक बटांचे हायलाइट्स छान मिसळतात. आणि काळ्या मेंदीची पाकिटं वापरली असतील तर ब्लीचआधी एका बटेवर करून बघायला सांगाच, काहींत धातूचे क्षार असतात, केस गरम होऊन तिथल्या तिथे तुटू शकतात.

नणंदबाई अजून म्हणतात पार्लर चुकीचं निवडलंत. अहो, पार्लरवाली पहिल्या दिवशीच म्हणाली होती, इतक्या वर्षांचा काळा रंग आहे, केशरी निघेल. तुम्हीच शेजारच्या खुर्चीत बसून म्हणालात, करून तर बघा.